अनामत ४९९, भाडं ६० आणि तेरा दिवसांचा हिशोब

मागच्या महिन्यात भाचा साताऱ्याहून परीक्षेसाठी पुण्यात आला होता. शनिवारची संध्याकाळ, जंगली महाराज रस्ता, फोनची बॅटरी चार टक्के. परतीचं तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, आईला 'निघालो' म्हणून कळवायचं तेही फोनवरच. एका कॅफेच्या काउंटरवर पॉवर बँक भाड्याने देणारी पेटी होती. तुम्हीही पाहिली असेल, छोट्या टपालपेटीएवढी, सहा-आठ खाचा असलेली. त्यानं कोड स्कॅन केला, ॲप उतरवलं, ४९९ रुपये अनामत भरली आणि खटकन एक पॉवर बँक बाहेर आली. भाडं तासाला ३० रुपये, दिवसाला जास्तीत जास्त १५०. परत केल्यावर भाडं कापून बाकी अनामत परत मिळणार. व्यवहार सरळ वाटला आणि त्या पोराची अडचणही खरी होती.

पॉवर बँक घेतली ५ वाजून १० मिनिटांनी. स्वारगेटजवळच्या दुसऱ्या एका दुकानात त्याच कंपनीची पेटी होती, तिथे ६ वाजून ५० मिनिटांनी त्यानं ती परत खोचली. एक तास चाळीस मिनिटं. सुरू झालेला तास पूर्ण धरायचा, म्हणजे दोन तासांचे ६० रुपये आणि ४३९ परत. पोरगं एसटीत बसून साताऱ्याला गेलं.

रविवारी सकाळी नऊला त्याचा फोन आला. "मामा, ॲपवर अजून भाडं चालूच दिसतंय. सोळा तास झालेत. दीडशे रुपये दाखवतंय."

हे ४३९ रुपये परत यायला शनिवारपासून तेरा दिवस लागले. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. त्या तेरा दिवसांत या व्यवहाराची आतली रचना समजली, ती सांगण्यासाठी ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण अशी पेटी किंवा ॲपवरची सायकल वापरत असाल, किंवा घरातली पोरं वापरत असतील, तर वाचा.

पहिली गोष्ट: 'अनामत' हा शब्द एकच असला तरी त्यामागे तीन वेगवेगळे व्यवहार असू शकतात.

पहिल्या प्रकारात पैसे तुमच्या खात्यातून जातच नाहीत, नुसते अडवून ठेवले जातात. आयपीओसाठी अर्ज करणाऱ्यांना हे माहीत असेल. रक्कम खात्यातच राहते, बचत खात्याचं व्याजही चालू राहतं, फक्त तुम्हाला ती वापरता येत नाही. भाड्याच्या वस्तूसाठीही हेच करता येतं. युपीआयवर एकदाच वापरायचं मँडेट देता येतं, म्हणजे 'अमुक तारखेपर्यंत जास्तीत जास्त अमुक रक्कम कापायला माझी परवानगी आहे' असं आधीच पिन टाकून सांगून ठेवायचं. वस्तू परत आली की कंपनी ६० रुपये कापते आणि उरलेल्या पैशांवरचा अडसर निघतो. क्रेडिट कार्डवर हॉटेलवाले खोली देताना जे करतात तेही असंच असतं.

दुसऱ्या प्रकारात ४९९ रुपये सरळ कंपनीला दिले जातात, किराणावाल्याला देतो तसे. व्यवहार तिथे संपतो. नंतर येणारे ४३९ रुपये हा कंपनीनं आपणहून सुरू करायचा वेगळा, उलटा व्यवहार असतो. कंपनीनं तो आज सुरू केला तरी खात्यात दिसायला काही दिवस जातात. आणि कंपनीनं सुरूच केला नाही, तर यंत्रणेत आपोआप काहीही घडत नाही.

तिसऱ्या प्रकारात अनामत ॲपमधल्या पाकिटात जाते. वस्तू परत केलीत की तिथे 'शिल्लक ४३९' असं दिसतं. पण ते पैसे बँकेत आलेले नसतात. त्यातून तुम्ही फक्त त्याच कंपनीची वस्तू पुन्हा भाड्याने घेऊ शकता. बँकेत हवे असतील तर ॲपमध्ये कुठेतरी आत 'पैसे काढा' असं बटण शोधावं लागतं, ते दाबावं लागतं आणि पुन्हा थांबावं लागतं. अनेक जण ते बटण कधीच दाबत नाहीत.

तुमच्या बाबतीत यातलं काय झालं, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे बँकेचा मेसेज. 'डेबिट' लिहिलं असेल तर पैसे गेले. 'ब्लॉक' किंवा 'मँडेट' असा उल्लेख असेल तर पैसे अडवलेले आहेत. अशा वेळी युपीआय ॲपमधल्या मँडेटच्या भागात कंपनीचं नाव, कमाल रक्कम आणि शेवटची तारीख दिसते. भाच्याच्या मेसेजमध्ये सरळ 'डेबिट' होतं. म्हणजे दुसरा प्रकार. पुढे त्याचा तिसरा झाला, तेही सांगतो.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: वस्तू परत झाली, हे ठरवतं कोण?

आपल्याला वाटतं, पॉवर बँक खाचेत गेली म्हणजे परत केली. कंपनीच्या लेखी तसं नसतं. पॉवर बँक खाचेत पूर्ण बसली की पेटी तिचा क्रमांक वाचते. मग पेटीतल्या सिमकार्डवरून तो क्रमांक कंपनीच्या सर्व्हरला जातो. सर्व्हर म्हणतो, 'आली', आणि तेव्हा घड्याळ थांबतं. या साखळीतली कुठलीही कडी तुटली की तुमच्या हातातली वस्तू गेलेली असते, पण भाडं चालूच राहतं. दुकानातली वीज गेलेली असते. पेटीला रेंज नसते. पॉवर बँक अर्धवट बसलेली असते आणि तिचे संपर्कबिंदू टेकलेले नसतात. किंवा खाच बिघडलेली असते, म्हणून तर ती रिकामी असते. सगळ्या खाचा भरलेल्या असणं हा आणखी एक प्रकार. वस्तू हातात, पेटी समोर, पण परत करायला जागाच नाही, आणि घड्याळ मात्र चालू.

सायकलचंही असंच. कुलूप खटकन लागलं म्हणजे फेरी संपली असं नाही. बऱ्याच सेवांमध्ये सायकल नकाशावर आखलेल्या जागेतच लावावी लागते आणि तुम्ही त्या जागेत आहात की नाही हे जीपीएस ठरवतं. उंच इमारतींच्या मध्ये किंवा दाट झाडीखाली जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं. तुम्ही पट्ट्याच्या आत उभे असता आणि ॲप म्हणतं तुम्ही रस्त्यावर आहात. त्यात आपल्याच फोनचं नेट गेलं, तर 'फेरी संपवा' दाबल्याचं वर पोचतच नाही.

मी रविवारी दुपारी स्वारगेटच्या त्या दुकानात गेलो. पेटीचा दिवा लुकलुकत होता. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "साहेब, मशीन त्यांचं आहे. आम्ही फक्त जागा आणि प्लग देतो. कालपासून त्याचं नेट बंद आहे, मीच दोनदा फोन केलाय." पॉवर बँक त्याच खाचेत होती. तिच्या कडेला छापलेला क्रमांक भाच्याच्या ॲपमधल्या क्रमांकाशी जुळत होता. पेटीचा क्रमांक, खाच आणि पॉवर बँकेचा क्रमांक दिसेल असे फोटो काढले आणि भाच्याकरवी तक्रारीला जोडले.

उत्तर आलं, 'आमच्या सिस्टीममध्ये सदर युनिट परत आल्याची नोंद नाही.' म्हणजे वस्तू त्यांच्याच पेटीत बसली होती आणि त्यांची सिस्टीम म्हणत होती ती आमच्याकडे आहे! दिवसाला १५० रुपये या हिशोबानं चौथ्या दिवशी अनामत संपणार होती. अटींमध्ये पुढचं वाक्यही तयार होतं: भाडं अनामतीएवढं झालं की पॉवर बँक ग्राहकानं विकत घेतली असं समजलं जाईल. भाचा साताऱ्यात, 'विकत घेतलेली' पॉवर बँक स्वारगेटला कंपनीच्याच पेटीत.

मधल्या दिवसांत मी बँकेतही विचारलं. रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा एक चांगला नियम आहे. युपीआयनं दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली, पण त्याच्याकडे पोचल्याची खात्री आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई. पण हा नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. आमचा व्यवहार यशस्वी होता, ४९९ रुपये कंपनीला व्यवस्थित पोचले होते. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडून व्यवहार बरोबर झालाय, परतावा कंपनीनं द्यायचा." त्यांचं चूक नव्हतं. पैसे अडवण्याऐवजी काढून घेतले की ग्राहक या संरक्षणाच्या बाहेर पडतो, हे मला तेव्हा नीट कळलं.

गुरुवारी कंपनीनं मान्य केलं. पेटीचं नेट आलं असणार आणि तिनं खाचेतल्या वस्तूंची यादी वर पाठवली असणार. भाडं ६० रुपये धरलं गेलं, कारण आमच्याकडे शनिवारचा पुरावा होता. भाच्यानं बसमधून आईला ७ वाजून १० मिनिटांनी 'बस सुटली' असा मेसेज केला होता आणि तिकिटावर सुटण्याची वेळ होती. तो पुरावा नसता तर कोणती वेळ धरली असती, वस्तू खोचल्याची की नोंद पोचल्याची? अटींमध्ये याचं उत्तर नव्हतं.

आणि ४३९ रुपये? ते ॲपच्या पाकिटात आले. बँकेतून गेले होते, पण परत बँकेत गेले नाहीत. 'पैसे काढा' शोधलं, दाबलं आणि पुढच्या शुक्रवारी ते खात्यात आले.

आता कुणी म्हणेल, चारशे-पाचशे रुपयांसाठी एवढी लांब पोस्ट? माझ्या रविवारच्या रिक्षाचं भाडंच दीडशे झालं असेल. मान्य. पण म्हणूनच तर ही गोष्ट चालते. रक्कम इतकी लहान असते की भांडण परवडत नाही. कायदा आपल्या बाजूनं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करार' कशाला म्हणायचं याची यादी आहे. त्यात ग्राहकाकडून उघडच अवाजवी अनामत मागणं येतं, आणि कराराचा भंग झाल्यास नुकसानीच्या मानानं अगदीच प्रमाणाबाहेरचा दंड लावणं हेही येतं. पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. ४३९ रुपयांसाठी कोण जाणार? सदोष सेवेची तक्रार जिल्हा आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तिथे शुल्कही नाही. पण त्यासाठी वेळ काढावाच लागतो.

शिवाय रक्कम एका माणसाची लहान असते, सगळ्यांची मिळून नाही. नुसता गुणाकार करा. एक लाख लोकांचे प्रत्येकी ४९९ म्हणजे जवळजवळ पाच कोटी रुपये. लोकांचे, बिनव्याजी, कंपनीच्या खात्यात. तिथून ते कुठे वापरले जातात हे आपल्याला दिसत नाही.

हा केवळ काल्पनिक धोका नाही. चीनमधल्या ओफो या सायकल कंपनीचं उदाहरण आहे. २०१४ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. पिवळ्या सायकली, सुरुवातीला ९९ युआन अनामत, नंतर नव्या ग्राहकांसाठी १९९. कंपनी वेगानं वाढली आणि पैसे संपत गेले. २०१८ च्या डिसेंबरात बीजिंगमधल्या तिच्या कार्यालयाबाहेर कडाक्याच्या थंडीत अनामत परत मागणाऱ्यांची रांग लागली. ऑनलाइन रांगेत तर एक कोटीहून अधिक नावं होती. त्याच वर्षी या कंपनीच्या पिवळ्या सायकली आपल्या पुण्यातही आल्या होत्या, काहींना आठवत असतील. वर्ष संपण्याआधीच ती भारतातून निघून गेली. चीननं २०१९ मध्ये नियम केले: अनामत शक्यतो घेऊच नये, घेतलीच तर वेगळ्या खात्यात ठेवावी आणि सायकलची अनामत मागितल्यावर दोन कामाच्या दिवसांत परत द्यावी. लोकांचे पैसे अडकल्यानंतर सुचलेलं शहाणपण आहे, पण आपल्याला ते आधीच उचलता येईल.

कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. अनामत नसेल तर हा धंदा चालणार नाही. अनोळखी माणसाच्या हातात वस्तू द्यायची आणि तो ती परत आणेल असं धरून चालायचं, हे अवघड आहे. पॉवर बँका लोक घरी घेऊन जातात. सायकली तोडल्या जातात, त्यांचे सुटे भाग जातात, काही नाल्यात सापडतात. माझ्या लहानपणी तासावर सायकल मिळायची तेव्हा दुकानदार अनामत घेत नसे, पण तो वडिलांना ओळखायचा. वहीत नाव आणि वेळ लिहायचा, आणि सायकल परत आणली की आपल्यासमोर त्या ओळीवर काट मारायचा. ती ओळख आता नाही, म्हणून अनामत आली, हे समजू शकतो. पण समोर मारलेली ती काटसुद्धा गेली, हे मला पटत नाही. आज पैसे त्यांच्याकडे, घड्याळ त्यांच्याकडे आणि पुरावाही त्यांच्याकडे. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला असल्या की वाद होतो तेव्हा ग्राहकाला फक्त विनंती करता येते.

माझं म्हणणं असं. अनामत काढून घेऊ नका, अडवून ठेवा. त्यासाठीची सोय युपीआयमध्ये आहे, नवीन काही शोधायचं नाही. परताव्याची वेळ वस्तू खोचल्याची धरा, नोंद पोचल्याची नको. पेटीचं नेट बंद असलं तरी तिनं ती वेळ स्वतःकडे लिहून ठेवावी आणि पेटीवरच 'परत मिळाली' असं दिसावं. पेटी भरलेली असेल तर ग्राहकानं तिथे कोड स्कॅन करताच घड्याळ थांबावं आणि जवळच्या पेटीपर्यंत जायला सवलतीचा वेळ मिळावा. आणि पैसे जिथून आले तिथेच परत जावेत, पाकिटात नाही.

हे करायला लावणार कोण? इथे आपल्या स्थानिक संस्थांचा संबंध येतो. या पेट्या आणि सायकली हवेत उभ्या राहत नाहीत. त्यांना फूटपाथ लागतो, स्टेशनचा कोपरा लागतो, कॉलेजचं आवार लागतं, रुग्णालयाची प्रतीक्षा खोली लागते. जागा देणारा करार करतोच. त्या करारात भाडं किती, वीज कुणाची, जाहिरात कुठे लावायची हे सगळं असतं. मग त्यात 'ग्राहकाची अनामत इतक्या दिवसांत मूळ खात्यात परत' ही एक ओळ का नसावी? महापालिकेनं सार्वजनिक जागा देताना ही अट घालायला दिल्लीत नवा कायदा होण्याची वाट बघायला नको. आपल्या नगरसेवकांना हे विचारता येईल. सोसायटीत किंवा कॉलेजात अशी पेटी बसवायचा प्रस्ताव आला, तर तिथेही विचारता येईल.

तोवर आपण काय करायचं, ते थोडक्यात. पैसे देताना स्क्रीनवर 'पे' आहे की 'मँडेट' आहे ते बघा. मँडेट असेल तर कमाल रक्कम आणि शेवटची तारीख वाचा. परत करताना ॲपमध्ये भाडं थांबलेलं आणि अंतिम रक्कम दिसेपर्यंत जागा सोडू नका, साधारण मिनिटाभरात ते दिसायला हवं. नाही दिसलं तर वस्तू काढता येत असेल तर काढून दुसऱ्या खाचेत घाला. तरीही नाही झालं तर पेटीचा क्रमांक, खाच आणि वस्तूचा क्रमांक यांचा फोटो काढा आणि तिथूनच तक्रार टाका, म्हणजे तक्रारीची वेळ हाच पुरावा होतो. सायकल असेल तर लावलेल्या जागेसकट फोटो. घरी आल्यावर पाकिटात शिल्लक राहिली आहे का बघा. आणि कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, त्याला खर्च नाही.

तुमच्यापैकी कुणाची अनामत अशी अडकली असेल तर कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, तीन गोष्टी पुरेत: पैसे अडवले होते की काढले होते, परत यायला किती दिवस लागले आणि पाकिटात आले की बँकेत. पंचवीस-तीस अनुभव जमले तर ते एका कागदावर मांडून आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांकडे घेऊन जाऊ. भाचा यायला तयार आहे. आता तो स्वतःची पॉवर बँक घेऊन फिरतो.